थांबण्याचा दर

कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. ती तारीखबाई. हे नाव ठेवलं विक्रीच्या माणसाने, आणि ठेवताना तो चांगलाच चिडलेला होता. ह्या माणसाला प्रत्येक गोष्ट आत्ताच्या आत्ता लागायची, म्हणून त्याचं स्वतःचं नाव 'आत्ताच' पडलं होतं. ती नियोजनाच्या टेबलावर बसली तेव्हापासून त्याला 'आत्ता' मिळायचं बंद झालं आणि नुसत्या तारखा मिळायला लागल्या. मग त्याने तिचं बारसं केलं आणि ते कारखानाभर झालं.

कारखाना हवेच्या गाद्यांचा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ज्या गाद्या देतात, त्या. आडव्या नळ्यांची गादी, तिला एक लहान पंप, आणि नळ्या आळीपाळीने फुगतात नि बसतात. माणूस हलला नाही तरी त्याच्याखालचं जग हलत राहतं. ह्या नळ्यांच्या शिवणी वितळवून जोडणारं यंत्र कारखान्यात एकच होतं, आणि त्याच यंत्रावर दुसरी डाय, म्हणजे साचा, चढवली की पाण्याच्या मोठ्या पिशव्याही व्हायच्या. डाय बदलायला जवळजवळ अख्खी रात्र जाई. बदलून झाल्यावरही शिवण लगेच धरत नसे. पहिल्या पंचवीस-तीस प्लास्टिकच्या चादरी गळक्या निघत आणि सरळ भंगारात जात.

तारीखबाईच्या आधी डाय कधी बदलायची हे आत्ताचचा घसा ठरवायचा. कुठल्या तरी दुकानदाराचा फोन आला की हा धावत यंत्रापाशी यायचा, फोरमनच्या डोक्यावर उभा राहायचा, आणि अर्ध्या पिशव्या सोडून गाद्या सुरू व्हायच्या. दोन दिवसांनी पिशव्यांवाल्याचा फोन आला की पुन्हा उलट. फोरमनच्या नाकी नऊ आले होते. भंगाराचा ढीग छपराला टेकायचा तेवढा बाकी होता.

ती आली, आठवडाभर कोपऱ्यात बसून नुसती बघत राहिली, आणि मग तिने हिशोब मांडला. एक गादी एक दिवस गोदामात पडून राहिली की जागा, विमा, अडकून पडलेलं भांडवल मिळून जे पडतं त्याला म्हणायचं एक. त्या मापाने डाय एकदा बदलणं पडतं दोन हजार आठशे ऐंशीला. गाद्यांची मागणी रोज दहा. यंत्र गाद्यांवर असलं की रोज चाळीस होतात. पण त्यातल्या दहा त्याच दिवशी बाहेर जातात, म्हणजे गोदामातल्या फळीवर चढतात तीसच. ही साधी गोष्ट भल्याभल्यांच्या ध्यानात येत नाही. तीनशे वीस गाद्या केल्या की गोदामात तीनशे वीस दिसल्या पाहिजेत असं मालकांनाही वाटलं होतं, आणि पहिल्या खेपेला त्यांनी बाकीच्या कोणी पळवल्या याची चौकशी लावली होती. आठ दिवसांत रोजच्या दहा म्हणजे ऐंशी, आणि आधीपासून ताटकळलेले साठ, ह्यांच्या गाद्या केव्हाच गेल्या होत्या. रखवालदार बिचारा उगाच संशयात सापडला.

हे साठ ताटकळलेले हीच तिची खरी करामत. कधीच कोणाला थांबवायचं नाही असं ठरवलं तर डाय बदलणं आणि साठा मिळून रोजचे दोनशे आठ पडतात. पण थोडी माणसं मुद्दाम, ठरवून थांबवली, तर तेच एकशे ऐंशीवर येतं. म्हणून तिचं चक्र बत्तीस दिवसांचं. फळी भरलेली असली की एकशे ऐंशी गाद्या अठरा दिवस पुरतात. मग फळी रिकामी होते, आणि झाली तरी यंत्र पिशव्यांवरच ठेवायचं. पुढचे सहा दिवस नुसत्या ऑर्डरी घ्यायच्या आणि तारखा द्यायच्या. साठ माणसं साचली की गाद्यांची डाय चढवायची. रोज तीसने रांग आटते, दोन दिवसांत संपते, आणि त्यापुढचे सहा दिवस फळी पुन्हा भरते. आठ दिवस गाद्या, चोवीस दिवस पिशव्या, की पुन्हा पहिल्यापासून.

साठच का? तर एका आकड्यामुळे. एक माणूस एक दिवस थांबला तर कारखान्याला किती पडतं, हा आकडा कोणीतरी द्यावा लागतो. तो यंत्रावर मोजता येत नाही, गोदामात तोलता येत नाही. तिने बसून बेरीज केली: फोनवर जाणारा वेळ, थोडीफार सवलत, वेगळी गाडी, रुसलेला दुकानदार. बेरीज तीनच्या आसपास आली. तिने तीन घातला, आणि बाकीचं गणित आपोआप झालं. गणित बरोबर होतं, आणि आजही कोणी तपासलं तरी बरोबरच येईल.

फक्त त्या गणिताला एक अट होती. थांब म्हटलेला माणूस थांबला पाहिजे. तो उठून दुसऱ्या कंपनीच्या गादीकडे गेला तर त्याला थांबणं म्हणत नाहीत, त्याला गिऱ्हाईक गेलं म्हणतात, आणि मग सगळा डोलारा कोसळतो. म्हणून फोन तिने स्वतःच्या टेबलावर घेतले. तिचा आवाज चांगला होता, घाई नसलेला, थोडा खालच्या पट्टीतला. "सोमवारी दुपारी निघेल. मी स्वतः बघते," असं ती म्हणाली की समोरचा माणूस गार व्हायचा. सहा वर्षांत तिच्या फोनवरून कोणी ऑर्डर रद्द केली नव्हती. आत्ताचसुद्धा दात-ओठ खात का होईना, हे कबूल करायचा.

आणखी एक गोष्ट होती, जी रांगेतल्या कोणालाच कळायची नाही आणि ती कधी सांगायची नाही. ह्या रांगेत सगळ्यात जास्त थांबतो तो पहिला. फळी रिकामी झाल्यावर लगेच आलेला माणूस पुरे सहा दिवस थांबतो. डाय चढते त्या सकाळी आलेला, त्याच्यापुढे साठजण असूनही, दीड दिवसात सुटतो. जो आधी येतो त्याला लवकर मिळतं खरं, पण थांबावंही त्यालाच जास्त लागतं.

फळी संध्याकाळी रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, ती नुकती येऊन बसली होती, तेव्हा तिच्या धाकट्या भावाचा फोन आला. बाबांना महिन्यापूर्वी पक्षाघात झाला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं गेलं होतं. आदल्याच दिवशी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. तीन तासांवरचं गाव. भाऊ, आई आणि बाबा असे तिथे राहायचे.

"ताई, नर्स येऊन गेली. म्हणाली, हवेची गादी आजच आणा, ह्यांना कूस बदलता येत नाही. मी दुकानातच उभा आहे. तुमची नाही म्हणतोय."

"संपली काल. सहा दिवसांनी सुरू होतेय."

"सहा?"  मागे दुकानाच्या दाराची घंटा वाजली. "इथे त्या दुसऱ्या कंपनीची आहे. आत्ता देतो म्हणतोय. घेऊ का?"

हा प्रश्न तिला दिवसातून चार वेळा विचारला जायचा. उत्तर तिच्या तोंडात तयार असायचं, ते तिला शोधावं लागत नसे.

"ती घेऊ नकोस," ती म्हणाली. "मी उघडून बघितलीये ती. दोन महिन्यांत शिवण सुटते. मग पुन्हा धावाधाव. सहा दिवस थांब. पहिली गादी तुझी. सकाळी डाय चढेल, संध्याकाळी तुझ्या दारात असेल. मी स्वतः बघते."

"नक्की ना?"

"नक्की. तोवर दर दोन तासांनी कूस बदला. रात्रीसुद्धा. उशी लावा पाठीशी."

"बरं. तू म्हणतेस तर थांबतो." आणि तो दुकानदाराला म्हणाला ते तिला ऐकू आलं, "नको हो. माझी बहीण त्याच कारखान्यात आहे."

फोन ठेवल्यावर तिने ऑर्डर नोंदवली, आणि मग, कोणी सांगितलं नसताना, तिने हिशोब केला. सवयच तशी. आजच डाय बदलली तर पिशव्या अर्ध्यावर राहतील, त्यांची डाय पुन्हा चढवावी लागेल, म्हणजे जास्तीचे दोन हजार आठशे ऐंशी. वाचेल काय? ह्या खेपेच्या सगळ्या रांगेचं थांबणं मिळून सातशे वीस. त्यात बाबांचे सहा दिवस, दिवसाला तीन, म्हणजे अठरा. बसत नव्हतं. तिने मान वर केली तर काचेपलीकडे मालक चहा पीत बसले होते. उठून सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं नसतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण गेल्याच चक्रात विक्रीचा आत्ताच कोणासाठी तरी असाच गयावया करत आला होता आणि तिने त्याला शांतपणे तारीख दिली होती. आता तो हसला असता. खरं तर हसला नसता. पण तिला तसं वाटलं, आणि ती उठली नाही.

भाऊ रोज फोन करायचा. पहिल्या दिवशी सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी आईची कंबर धरली, कारण बाबा अंगाने थोराड आणि आई मुठीएवढी. तिसऱ्या रात्री भावाचा डोळा लागला तो पहाटे उघडला, आणि बाबा तसेच पडून होते. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, माकडहाडाशी लाल झालंय. मधे जरा काळपट आहे. दाबलं तरी रंग बदलत नाही."

ह्याचा अर्थ तिला ठाऊक होता. पण तोंडातून बाहेर पडलं ते असं: "दोनच दिवस राहिलेत. त्या जागेवर भार येऊ देऊ नका. डॉक्टरांना दाखव."

"दुसरी आणू का तोपर्यंत?"

आता चार दिवस काढले, दोनांसाठी कशाला, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला. रांगेतली सगळी माणसं चौथ्या-पाचव्या दिवशी असंच म्हणतात, आणि त्यांना काय सांगायचं हे तिला पाठ होतं. अर्धं झालंय. आता सोडू नका.

"आता दोनच दिवस रे," ती म्हणाली.

सहाव्या दिवशी डाय चढली. फोरमनने शिवणी तपासल्या, गळक्या चादरी बाजूला टाकल्या, आणि पहिली पक्की गादी तिने स्वतः घडी करून, पंप घालून, गाडीत ठेवली. शिवण सुंदर होती. त्या दिवशी चाळीस गाद्या झाल्या, दुसऱ्या दिवशी चाळीस, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रांग संपली, अगदी तिने मांडलं होतं तशी. एका गादीचाही फरक पडला नाही.

बाबा त्या गादीवर एक रात्र झोपले. जखम तोवर उघडली होती आणि आत शिरली होती. सकाळी ताप चढला, दुपारी दवाखान्यात हलवलं, आणि ती पोचली तेव्हा ते कोणालाच ओळखत नव्हते. डॉक्टर म्हणाले, रक्तात गेलंय. मधुमेह आणि वय, दोन्ही सांगितलं. दोषाची वाटणी करायची तर पुष्कळ जण होते. तीन दिवसांनी ते गेले.

ती रडली नाही. माणसं म्हणाली, धीराची आहे. धीरबीर काही नव्हता. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला राहत नाही, तसं तिचं सगळं झालं होतं. दवाखान्याच्या जिन्यात एक पायरी बाकीच्यांपेक्षा उंच होती, हे तिच्या लक्षात आलं. मोठ्या मावशीने गळ्यात पडून हंबरडा फोडला तेव्हा मावशीच्या केसांना नव्या तेलाचा वास येत होता, हेही लक्षात आलं. बाबांचा चेहरा मात्र नंतर कितीदा आठवून बघितला तरी त्या दिवसाचा आठवेना; आधीचेच आठवत, तेही फोटोतले.

सगळं उरकून पाहुणे गेले. घरात तिघंच राहिली. बाबांच्या खोलीत पलंग रिकामा होता आणि गादी भिंतीला टेकवून उभी केली होती, पंपाची वायर नीट गुंडाळून. भाऊ दारात उभा राहिला.

"चांगली आहे गं," तो म्हणाला. "आवाजसुद्धा नाही येत. त्या रात्री मी कान लावून बघितलं."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिने टोमणा शोधला, कारण टोमणा सापडला असता तर हातात धरायला काहीतरी झालं असतं. भाऊ सरळ होता, लहानपणापासून. ताई म्हणाली थांब, म्हणून तो थांबला होता. त्यात काही चुकलं असेल असं त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर त्याने ते बाहेर येऊ दिलं नाही.

"मी तुला ती दुसरी घे म्हणायला हवं होतं," ती म्हणाली.

"तिची शिवण सुटते ना पण?"

"दोन महिन्यांनी सुटते."

  त्याने पलंगाची चादर सारखी केली, जिच्यावर कोणीच झोपलेलं नव्हतं, आणि चहा टाकतो म्हणून आत गेला.

आई मागून आली. तिने गादी आडवी केली, हवा दाबून काढली, आणि जुन्या साडीत गुंडाळायला घेतली. "धर गं त्या टोकाला," ती म्हणाली. दोघींनी मिळून घडी केली. "कपाटावर ठेवते. मला लागेल तेव्हा घरात असेल. ऐनवेळी धावपळ नको त्याची."

आईने हे बटाटे भरून ठेवावेत तसं सांगितलं. लेकीने टोक धरलं होतं ते सोडलं नाही, इतकंच.

दहा-बारा दिवसांनी ती कामावर गेली. टेबलावर धूळ नव्हती; आत्ताचने पुसून ठेवलं होतं. तो येऊन समोर उभा राहिला, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्याला घाई सुचली नाही. "चहा पाठवतो," एवढंच म्हणून गेला.

दुपारी मालकांनी आत बोलावलं. आधी बाबांची चौकशी केली, बरं बोलले. मग कागद पुढे ओढला. दरवर्षी ह्या सुमाराला आकड्यांची उजळणी व्हायची.

"तुझा हा तीन," ते म्हणाले. "मी बघत होतो. वर्षभरात थांबलेल्यांपैकी एकाने तरी ऑर्डर रद्द केली?"

"नाही."

"तक्रार?"

"नाही."

"मग थांबण्याचे आपल्याला तीन पडतात कुठे? लोक आनंदाने थांबतात. एक धरला तर?"

तिला कागद लागला नाही. "एक धरला तर एका वेळी तीनशे ब्याण्णव गाद्या कराव्या लागतील. रांग एकशे सत्तेचाळीसची होईल. रोजचा खर्च एकशे ऐंशीवरून एकशे सत्तेचाळीसवर येईल."

"बघ!" मालकांना आकडे खाली आलेले आवडायचे. "आणि पहिला माणूस थांबेल किती?"

"पंधरा दिवस. थोडे कमी."

"थांबतील ना?"

"मी सांगितलं तर थांबतील," ती म्हणाली. मग तिच्या त्याच आवाजात, वर-खाली न होता, म्हणाली, "माझे बाबा थांबले होते."

मालकांना आधी कळलं नाही. मग तिने सांगितलं. थोडक्यात, तारखेनिशी, एखादी ऑर्डर सांगावी तसं. काचेपलीकडे यंत्र पिशव्या दाबत होतं. मालकांनी चष्मा काढला. ते वाईट माणूस नव्हते; त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं.

"अगं, मला एक शब्द सांगायचास! त्याच मिनिटाला डाय चढवली असती मी. खर्च गेला खड्ड्यात."

"माहीत होतं मला."

"मग?"

"तुम्ही चढवली असती. कारण ते माझे बाबा. रांगेतला पहिला माणूस कोणाचा तरी कोणीतरी असतोच साहेब. दर बत्तीस दिवसांनी."

 मालकांनी पेन उचललं. "मग सांग, किती घालू? दहा घालू? चोवीस?"

हा प्रश्न तिने स्वतःला गाडीत, स्वयंपाकघरात, सगळीकडे विचारून पाहिला होता. चोवीस घातला तर रांग आठ-नऊ जणांची होते, थांबणं एक दिवसाच्या आत येतं, रोजचे चोवीसेक वाढतात. शंभर घातला तर दोघांची. कितीही घाला, पार शून्य कधी होत नाही, कोणीतरी उरतंच. आणि बाबांचे सहा दिवस काढून त्यांची किंमत मांडायला बसलं की तिचं पेन चालत नसे. तीन खोटा होता हे तिला दिसत होतं, पण खरा कुठला ते दिसत नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. सहा वर्षांत तिने हे वाक्य ह्या खोलीत उच्चारलं नव्हतं. "पण चोवीस घाला."

मालक कागदाकडे बघत राहिले. रोजचे चोवीसेक, वर्षाचे किती, ओठांची हालचाल झाली. मग ते मायेने म्हणाले, "असं करू. मी एक करणार होतो ना, तो करत नाही. तुझ्या वडिलांसाठी म्हणून, तीनच राहू दे. ह्याला कोणी हात लावणार नाही. मी आहे तोवर तरी नाही."

त्यांना ते मोठं वाटलं होतं, आणि त्यांच्या परीने मोठं होतंही. तिने उपकाराबद्दल आभार मानले. बाहेर येऊन जागेवर बसल्यावर तिला कळलं की आपल्याला भयंकर राग आला आहे, आणि तो कोणावर आहे हे शोधायची ताकद अंगात नाही.

फोरमनने काचेवर टकटक केली आणि हाताने खूण केली: फळी रिकामी. तिच्या गैरहजेरीत चक्र कुठेही अडलं नव्हतं. नियम तिनेच इतका चोख बसवला होता.

पाच मिनिटांत फोन वाजला. बाईचा आवाज, पन्नाशीतला, दमलेला. नवरा पडून होता, मणक्याचं काहीतरी. दुकानात ह्या कारखान्याची गादी मिळाली नव्हती, म्हणून दुकानदाराने हा नंबर दिला होता.

"केव्हा मिळेल हो?"

"आमच्याकडे सहा दिवसांनी," ती म्हणाली. आणि मग, घाईघाईने, जसं ती कधी बोलत नसे, "पण तुम्ही थांबू नका. दुकानात दुसऱ्या कंपनीची असेल. ती घ्या. आजच घ्या."

"ती चांगली नाही म्हणतात ना?"

"दोन महिने चालते. तेवढ्यात आमची घ्या मग. पण आज ती घ्या."

"दोन-दोन कुठून घेऊ मी?" बाई हसली, कंटाळल्यासारखी. "तुमचीच हवी. आमच्या शेजारणीकडे होती तुमची, चार वर्षं टिकली. आणि त्या म्हणाल्या, तिथे एक बाई आहेत फोनवर, त्यांनी तारीख दिली की दिली. तुम्हीच ना त्या?"

"ऐका माझं," तारीखबाई म्हणाली. तिचा आवाज फाटला, आणि शेजारच्या टेबलावरच्या आत्ताचने चमकून मान वर केली. "नका थांबू. फळी आत्ता रिकामी झालीये. तुमचा पहिला नंबर आहे."

"अगबाई, पहिला?" पलीकडून बाईचा जीव भांड्यात पडल्याचं स्पष्ट ऐकू आलं. आणि तोंड बाजूला करून, आत कुठेतरी पडलेल्या माणसाला, ती मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकलंत का? पहिला नंबर लागला आपला!"